मदत हवी आहे : जुना लॅपटॉप घेण्यापूर्वी तासाभरात काय तपासू?

नमस्कार मंडळी. भाचीच्या कॉलेजसाठी रविवारी एक वापरलेला विंडोज लॅपटॉप बघायला जातोय. मागच्या वेळी फसलो होतो. विकणाऱ्याने मशीन आधीच चालू करून ठेवलं होतं, सगळं झकास चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड मशीन तीन-चारदा बटण दाबल्याशिवाय उठेना.

म्हणून या वेळी आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगितलंय. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर मेनूतलं शटडाउन पूर्ण बंद करत नाही, त्यामुळे तिथे गेल्यावर पुन्हा खालच्या कमांडने बंद करून दोन-तीनदा चालू करून बघेन, एकदा चार्जर काढूनही.

```
shutdown /s /t 0
perfmon /rel
```

दुसरी कमांड क्रॅशचा इतिहास दाखवते. लाल फुलीखाली विंडोज नीट बंद झालं नाही अशी नोंद एखाद-दुसरी असेल तर सोडून देईन, बॅटरी संपल्यावरही ती येते. पण आठवड्यात चार-पाच दिसल्या तर व्यवहार नको.

खरी अडचण पुढे आहे. विकणारे दादा म्हणाले, "कालच नवीन विंडोज टाकलंय." म्हणजे इतिहास पुसला गेला! अशा वेळी रॅम, एसएसडी की गरम होणं, आधी काय तपासावं? `mdsched` ची एक फेरी पुरेशी आहे का, की पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट चालवू? हाती जेमतेम एक तास आहे. कोणी असं केलं असेल तर कृपया सांगा.