प्रतिसाद: ‘डोळ्याबद्दल डोळा’ आणि मौखिक नियम

“तोरा या यहुदी धर्मग्रंथात ‘डोळ्याबद्दल डोळा’ असे स्पष्ट लिहिलेले असताना रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, नुकसानभरपाई कुठून आणली?”

मौखिक परंपरेतून. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या मौखिक नियमांच्या संग्रहात, बावा कम्मा या प्रकरणाच्या आठव्या अध्यायाच्या आरंभीच, इजा करणाऱ्याने नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेले काम आणि अप्रतिष्ठा अशा पाच बाबींचे पैसे द्यावेत असे सरळ सांगितले आहे. नुकसान मोजायचे ते जखमी माणूस गुलाम म्हणून बाजारात उभा केला तर आधी काय किंमत आली असती आणि आता काय येईल, या फरकावरून. मूळ वचनाचा तिथे उल्लेखही नाही. त्या वचनाशी मेळ कसा घालायचा, हा प्रश्न मिश्नावरील चर्चांचा ग्रंथ असलेला तालमूद उपस्थित करतो आणि माझ्या मते खरी रब्बीय पद्धत इथेच दिसते, कारण निष्कर्ष आधीच मान्य असूनही त्याच्या बाजूचा लंगडा युक्तिवाद चालवून घेतला जात नाही. एकाचा डोळा मोठा व दुसऱ्याचा लहान असेल तर बरोबरी कशी होणार, असे एक रब्बी विचारतात. त्यावर उत्तर येते की अशा वेळी पैसे घ्यावेत, पण डोळे सारखे असतील तिथे डोळाच का काढू नये? आंधळ्याने दुसऱ्याला आंधळे केले तर काय, हा युक्तिवादही असाच परतवला जातो. खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये या तोरातील गणना या पुस्तकाच्या 35:31 मधील वचनावरून अवयवांबद्दल ती घेता येते, असाही आधार दिला जातो. शिक्षा अक्षरशः द्यावी हे रब्बी एलिएझर यांचे मतही गाळलेले नाही. मात्र किंमत जखमीच्या नव्हे, तर इजा करणाऱ्याच्या डोळ्याची धरावी एवढाच त्याचा अर्थ तालमूदमधील रब्बी राव आशी लावतात.