एकच कुंपण आणि साठ क्वाड्रॅट: टेस्ट चालेल का?

कुरणवेडा: चराईबंदीचा परिणाम पाहायला माळावर ५० × ५० मीटरचं एक कुंपण घातलं, शेजारचा तेवढाच प्लॉट मोकळा ठेवला. दोन्हीकडे १ × १ मीटरचे ३०-३० क्वाड्रॅट टाकून गवत कापलं, वाळवलं, वजन केलं. टी-टेस्टमध्ये पी ०.००१ पेक्षा कमी. परीक्षक म्हणतात, स्यूडोरेप्लिकेशन आहे, टेस्ट काढून टाका. ६० नमुने असूनही?

पवन्या: नमुने साठ, पण कुंपण एकदाच घातलंय. मोजायचं ते चराईबंदी किती वेगवेगळ्या जागी लागू केली हे, आणि ती संख्या इथे एक आहे. आत माती वीतभर खोल आणि बाहेर चार बोटांवर मुरूम लागत असेल, तर कुंपण नसतानाही आत गवत जास्तच आलं असतं. तुमची टेस्ट एवढंच सांगते की या दोन जागा सारख्या नाहीत. त्या का सारख्या नाहीत, हे तिला कळायला मार्गच नाही. क्वाड्रॅट ३० चे ३०० केलेत तर पी आणखी लहान होईल, पण मुरूम तिथेच राहील.

सरासरी: थोडं ताणताय. माळ एकसारखा दिसत असेल आणि क्वाड्रॅट रँडम टाकले असतील, तर ते स्वतंत्रच झाले. शिवाय हल्ली मिक्स्ड मॉडेल आहे. प्लॉट रँडम इफेक्ट म्हणून टाका, काम झालं.

पवन्या: मिक्स्ड मॉडेल योग्य, पण या मांडणीत नाही. इथे प्लॉटमधला फरक आणि कुंपणाचा फरक ही एकच गोष्ट आहे. त्यांना वेगळं करायला एकाच उपचाराचे किमान दोन प्लॉट हवेत. आणि रँडम टाकायला हवं होतं ते कुंपण, क्वाड्रॅट नव्हे.

कुरणवेडा, पुढच्या पावसाळ्याआधी मांडणी बदला. १० × १० मीटरच्या प्लॉटच्या सहा जोड्या घ्या. प्रत्येक जोडीतले दोन्ही प्लॉट एकाच उतारावर, सारख्या मातीवर असावेत, पण जोड्या मात्र माळभर पसरलेल्या हव्यात. प्रत्येक जोडीत कुंपण कुठल्या प्लॉटला, ते नाणं उडवून ठरवा. "इथे गवत बरं दिसतंय" म्हणून नाही. कडेचे २ मीटर सोडून आतल्या ६ × ६ मध्ये पाच क्वाड्रॅट टाका. एकूण क्वाड्रॅट तेवढेच, ६०. जुन्या कुंपणाला २०० मीटर तार लागली, नव्या सहांना २४० लागेल.

मग प्रत्येक प्लॉटच्या पाच वजनांची सरासरी काढून सहा फरकांवर पेअर्ड टी-टेस्ट करा. डिग्रीज ऑफ फ्रीडम ५, म्हणजे टी २.५७ च्या वर हवा. तुमच्या जुन्या टेस्टला २.०० पुरत होता. जोड्या सहापेक्षा कमी नकोत. चिन्हं उलटसुलट करून पर्म्युटेशन टेस्ट केली, तर पाच जोड्यांत सगळे फरक एकाच बाजूचे असले तरी दोन्ही बाजूंचा पी ०.०६२५ च्या खाली जात नाही. सहा जोड्यांत तो ०.०३१ पर्यंत उतरतो.

सरासरी: सरासरी काढली की क्वाड्रॅटमधली माहिती वाया जाते, हे मला अजूनही खटकतं.

पवन्या: मग सगळ्या ओळी ठेवा, पण प्लॉट विसरू नका; खाली `block` म्हणजे जोडी (प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र नाव द्या):

```r
library(lmerTest)
m <- lmer(biomass ~ fence + (1|block/plot), data = d)
summary(m)
```

`fence` च्या ओळीत `df` पाहा. ५ च्या आसपास असेल तर ठीक. ५३ दिसलं, तर बहुधा फक्त `(1|block)` लिहिलंय आणि क्वाड्रॅट पुन्हा रेप्लिकेट झालेत. पाचही वजनं सगळीकडे असतील तर उत्तर पेअर्ड टेस्टसारखंच येतं, त्यामुळे वाया काही जात नाही.

तळ्याकाठी: माझं बेडूकपिल्लांचं काम आहे. दोन टाक्या, एकीत हीटर, प्रत्येकीत २५ पिल्लं, दर आठवड्याला माप. आठ आठवडे, म्हणजे ४०० मापं. मला हे लागू नाही ना?

पवन्या: लागू आहे, आणि दुहेरी. हीटर एका टाकीत, म्हणून रेप्लिकेट एक. त्याच पिल्लांची पुन्हा घेतलेली मापं नवे रेप्लिकेट नव्हेत. छोट्या बारा टाक्या घ्या, सहांत हीटर, जागा चिठ्ठ्या टाकून. सगळ्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरवू नका, नाहीतर टाक्या पुन्हा जोडल्या जातील.

गाळ: मला दुसरी बाजू मांडायची आहे. कॅनडातल्या २२६ नंबरच्या तलावात १९७३ मध्ये मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन, फॉस्फरस फक्त एकीकडे. तोच भाग शेवाळाने हिरवा झाला. रेप्लिकेट नव्हता, तरी फॉस्फरसचं धोरण बदलण्यात या प्रयोगाचा मोठा वाटा होता. हा नियम आंधळेपणाने लावला तर मोठे प्रयोग होणारच नाहीत. गुरांचा कळप १० मीटरच्या चौकोनात चरत नाही. त्या छोट्या कुंपणातून तुम्ही कळपाच्या चराईबद्दल काय सांगणार?

पवन्या: तलावाचं मान्य. पण तिथे लोकांना पटलं ते पी-व्हॅल्यूमुळे नाही. फरक डोळ्यांना दिसत होता आणि कारण आधीपासून माहीत होतं. कुरणवेडालाही तोच मार्ग मोकळा आहे: पी वगळा, दोन्ही प्लॉटची सरासरी आणि विस्तार द्या, दावा या दोन प्लॉटांपुरताच ठेवा. कुंपणाआधीची वजनं असतील तर तीही द्या.

प्लॉटच्या आकाराचा मुद्दा मात्र खरा आहे. ३० मीटरचे सहा चौकोन केले तर तार ७२० मीटर लागते.

कुरणवेडा: आधीची वजनं नाहीत, फक्त कुंपण घालतानाचे फोटो आहेत. आणि ७२० मीटरचा खर्च झेपणार नाही. १५ मीटरचे सहा केले तर तार ३६० लागेल, पण कळपाचा प्रश्न त्यातून सुटतो का?

गाळ: माझ्या मते नाही.

पवन्या: कळप किती मोठा, दिवसाला किती वेळा येतो, ते आधी सांगा.