‘खाण तशी माती’ : आईबाबांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी चालेल का?

पठारावरची
येत्या आठवड्यात ताळगावला गोवा विद्यापीठाचा पदवीदान समारंभ आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा चौथीपर्यंत शिकले, मग सांग्याच्या बाजूला खाणीवर टिपर चालवायचे. आई शाळेत गेलीच नाही. त्या दिवशी दोघांच्या हातात द्यायला पत्र लिहिलंय. घरी आम्ही कोंकणी बोलतो, पण बाबा वाचतात ते मराठी पेपर आणि पोथी, म्हणून पत्र मराठीत. शेवट असा केलाय :

‘२०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा टिपर दारात उभा राहिला, पण माझी फी एकदाही चुकली नाही. हप्ते कसे भरले ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. आई, तू माझी वही उलटी धरायचीस आणि तरी अक्षर बिघडलेलं तुला कळायचं. आज माझ्यात जे काही चांगलं दिसेल त्याला लोक म्हणोत, खाण तशी माती.’

काकांना वाचून दाखवलं. तेही खाणीवरचेच. ते हसले आणि म्हणाले, ‘माती? ती आमी डंपार घालताले गो!’ आता ती ओळ ठेवू की काढू?

अर्धविराम
काढ. ही म्हण टोमणाच आहे. मुलगा दारू पिऊन आला की शेजारीण म्हणते, ‘खाण तशी माती.’ चांगल्या अर्थाने मी आजवर ऐकलेली नाही. आणि मायन्यात ‘तीर्थस्वरूप’ लिहायला विसरू नकोस.

जुनी पाटी
तीर्थस्वरूप नव्हे, तीर्थरूप. जन्मदात्यांना तीर्थरूप, त्यांच्या जागी मानलेल्यांना तीर्थस्वरूप. काका, मामा, सासरे यांना दुसरा मायना. आमच्या गुरुजींनी एवढ्यासाठी पट्टी मारली होती. बाबांना ‘ती. बाबांस’ आणि आईला ‘ती. सौ. आईस’ लिहिलं की पुढे ‘शि. सा. न. वि. वि.’ आपोआप येतं.

म्हणीचं म्हणाल तर अर्धविराम यांचं निम्मं बरोबर. वापर बहुतेक वेळा खोचक होतो, पण म्हण स्वतः कुठल्याच बाजूची नाही. जसे आईबाप तशी मुलं, इतकंच ती सांगते. कौतुक की टोमणा हे मागच्या वाक्यावर ठरतं. ‘चांगलं दिसेल त्याला’ असं लिहिल्यावर कोण टोमणा समजेल? शिवाय इथे ‘खाण’ म्हणजे उगम. सद्गुणांची खाण म्हणतो ना आपण, तीच. तिथे टिपर जात नाही.

रेती-खडी
खाण हा शब्द ‘खाणे’वरून आला. डोंगर खाते ती खाण. सांग्यात येऊन पाहा, पटेल.

जुनी पाटी
पाहायला पटतं, पण शब्द ‘खन्’ म्हणजे खणणे या धातूचा. खनी, खनिज, खाण हे एकाच घरातले. ‘खाणे’ वेगळ्या घरातलं.

रेती-खडी
घरं वेगळी असतील, पोट एकच.

जेटीवरचा कारकून
काकांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. मी सावर्ड्याच्या बाजूला वजनाच्या पावत्या फाडल्या आहेत. आपल्याकडच्या उघड्या खाणीत एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती बाजूला करावी लागते. टिपरवाल्याच्या दोन खेपा असतात. खनिजाची खेप जेटीवर जाते, तिथून बार्जने मुरगावला. मातीची खेप डंपवर, म्हणजे फेकायला. खनिजाच्या पावतीवर प्रत लिहिली जायची, लोहाचं प्रमाण अमुक टक्के. मातीला प्रत नसते. ‘माती’ ऐकून बाबांना कुठली खेप आठवेल, हे शब्दकोश सांगणार नाही.

पण ऐक, पुढे चीनची मागणी वाढली आणि हलक्या प्रतीच्या खनिजालाही भाव आला. तेव्हा तेच डंप उकरून लोकांनी माल विकला. ज्यांनी फेकला त्यांनीच परत भरला. म्हणजे काका अर्ध्याच काळाचं सांगताहेत. त्यांना विचार, डंपवरच्या खेपा त्यांनी मारल्या नाहीत का?

पठारावरची
मारल्या असणार! २०१२ च्या आधीच्या गर्दीत बाबा पहाटे रांगेत टिपर लावायचे ते आठवतं. पण जुनी पाटी, एक अडचण आहेच. म्हण म्हणते जशी खाण तशी माती. आमच्या खाणीत पदवी नव्हती. मग मी ‘तशी’ कशी?

जुनी पाटी
चांगला प्रश्न. ही म्हण सहसा विद्येबद्दल वापरत नाहीत, स्वभाव आणि वळणाबद्दल वापरतात. पदवी तुझी, हप्ते न चुकवणं आणि त्याबद्दल गप्प राहणं हे त्यांचं. तुझ्या परिच्छेदात हे दोन्ही आहे, म्हणून तिथे ती बसते. पदवीच्या वाक्याला चिकटवली असतीस तर बसली नसती.

अर्धविराम
तरी धोका कशाला? ‘शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी’ लिही. तुकोबांचं आहे, कुणी हसणार नाही.

मांडवीपार
‘शुद्ध बीज’ म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. तुकोबांच्या मनात काय होतं ते अभंगात कळतं, पण आज ते लग्नाच्या बैठकीत कुळी सांगायला वापरतात. त्यापेक्षा ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ उलटी करून लिही : ‘आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं.’

जुनी पाटी
म्हण मोडली की ती म्हण राहत नाही, भाषणातलं वाक्य होतं.

मांडवीपार
भाषा मोडूनच वाढते. नाहीतर आपण सगळे अजून ‘कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार’ घालत बसलो असतो.

जुनी पाटी
मी अजून घालतो.

शेणवी-वाडा
मला वेगळंच खटकलं. घरात कोंकणी, काका कोंकणीत बोलले, आणि भावनेचं पत्र मराठीत? आईला जे वाचून दाखवणार ते तिच्या भाषेत नको?

पठारावरची
आई कीर्तन मराठीत ऐकते, आरती मराठीत म्हणते. तिला मराठी परकी नाही. पत्र बाबा वाचतील, आईला सांगतील कोंकणीत. आमच्या घरात असंच चालतं.

मांडवीपार
शेणवी-वाडा, १९८७ चा राजभाषा कायदा इथे पुन्हा नको. त्या वादात माझ्या दोन आत्या अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

शेणवी-वाडा
मी कायदा काढलाच नाही. तुम्ही काढलात.

रेती-खडी
आणि ‘पदवीदान’ का लिहिता? दान भिकाऱ्याला देतात. मेहनतीने मिळवली तर ‘दीक्षांत’ म्हणा.

जुनी पाटी
दीक्षांत म्हणजे दीक्षेचा शेवट. हिच्या बाबांना तो शब्द निमंत्रणपत्रिकेवर वाचून महाराज आल्यासारखं वाटेल. पदवीदान गावात सगळ्यांना कळतं. कन्यादान, रक्तदान, गोदान, यातलं काय भिकाऱ्याला देता हो?

रेती-खडी
कन्यादानावर तर मुळीच बोलू नका, माझी मुलगी हे वाचते.

जेटीवरचा कारकून
मुली, म्हण ठेवायची तर आधीच्या वाक्यात डंपचा उल्लेख घाल. ‘डंपवरची मातीही पुढे विकली गेली’ असं काही. मग काका हसतील, पण वेगळे.

पठारावरची
घालून पाहिलं, वाक्य लांबतंय. बाबा लांब वाक्यात वाट चुकतात. आणि माझ्या बाबांनी तो काळ कधी मजेत सांगितलेला नाही. बघते.

अर्धविराम
तुकोबा घे म्हटलं ना.

घोटेवाडी
उशिरा येतोय. माझ्या पुतण्याच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव चुकीचं छापलंय, ‘व’चा ‘ब’ केलाय. समारंभाच्या आधी दुरुस्त होतं का? आणि अर्जात ‘तीर्थरूप’ लिहायचं की ‘माननीय’?