अरबी तीन अक्षरी क्रियापदं: वर्तमानकाळातला मधला स्वर ओळखता येतो की पाठच करायचा?

नवशिका_पुणे: अरबीच्या दुसऱ्या सत्रात आहे. कतबाचं यक्तुबु, जलसाचं यज्लिसु, फतहाचं यफ्तहु. भूतकाळात तिन्ही एकाच चालीची, आणि वर्तमानात मधल्या अक्षरावर एकदा उ, एकदा इ, एकदा अ! सर म्हणतात नियम नाही, पाठ करा. मला पटत नाही. काहीतरी सूत्र असणारच ना?

शब्दवेडा: आहे की सूत्र. घशातून निघणारी सहा अक्षरं: हमजा, ऐन, गैन, खे आणि दोन्ही हे. यातलं एखादं क्रियापदात दिसलं की मध्ये अ. फतहा–यफ्तहु, जहबा–यज्हबु, सअला–यस्अलु. कतबात, जलसात यातलं काहीच नाही, म्हणून तिथे अ नाही. विषय संपला.

गर्दानवाली: संपला कुठे? मग अरफाचं यअरिफु आणि खरजाचं यखरुजु का होतं? ऐन आणि खे तर तोंडावरच बसलेत. घशातलं अक्षर दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी असेल तरच उपयोगाचं. मधला स्वर याच दोन अक्षरांच्या मध्ये असतो, त्यामुळे शेजारच्या घशातल्या अक्षराबरोबर तो अ कडे ओढला जातो. पहिल्या अक्षराचा त्याच्याशी थेट संबंधच येत नाही.

आणि योग्य जागी असलं तरी खात्री नाही. दखलात खे बरोबर मध्ये आहे, तरी यदखुलु. रजआच्या शेवटी ऐन आहे, तरी यर्जिउ. बलगा–यब्लुगु, कअदा–यकउदु. रोजच्या वापरातलीच क्रियापदं आहेत ही.

उलट बाजूने मात्र हे सूत्र फार पक्कं आहे. भूतकाळातही मध्ये अ आणि वर्तमानातही अ दिसला, तर दुसऱ्या-तिसऱ्या जागी घशातलं अक्षर बहुधा सापडतंच. अबा–यअबा अशी अपवादाची एखाददुसरी.

नवशिका_पुणे: म्हणजे आधी घशातलं अक्षर शोधायचं?

गर्दानवाली: नाही, त्याच्याही आधी भूतकाळातला मधला स्वर बघा. तिथे इ असेल तर वर्तमानात जवळजवळ नेहमी अ: शरिबा–यश्रबु, फहिमा–यफ्हमु. वरिसा–यरिसु अशी थोडकी सुटतात. तिथे उ असेल तर वर्तमानातही उ, डोळे मिटून: कबुरा–यक्बुरु. खरी डोकेदुखी फक्त भूतकाळात अ असलेल्यांची. पण वहीत स्वरचिन्हं न घालता शब्द उतरवलात तर ही पहिली पायरीच हातची जाते.

खाडीपलीकडचा: दुबईत इतकी वर्षं काढली, यक्तुबु म्हणणारा एक माणूस भेटला नाही. सगळे यिक्तिब म्हणतात आणि काम चालतं. कशाला डोकेफोड?

गर्दानवाली: दादा, ते बोलीतलं झालं. कैरोतही यिक्तिबच म्हणतात. यांना लिखित अरबीचा पेपर द्यायचाय. दुबईचा इ धरून गेले तर यक्तिबु लिहून येतील.

मीरजकर: आम्ही मदरशात हा प्रश्न कधी विचारलाच नाही. सहा बाब घोकायचे: नसरा–यन्सुरु, जरबा–यज्रिबु, समिआ–यस्मउ, फतहा–यफ्तहु, करुमा–यक्रुमु, हसिबा–यहसिबु. नवा शब्द आला की उस्ताद सांगणार, हा नसरचा, हा जरबचा. एकटा भूतकाळ कधी शिकायचाच नाही, जोडीच शिकायची. सूत्रं शोधत बसणारे परीक्षेत अडखळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शब्दवेडा: घोकंपट्टी कसली सांगता! बरं, घशातलं अक्षर नसलं तरी उ की इ हे अर्थावरून कळतं. कर्म घेणाऱ्याला उ, न घेणाऱ्याला इ. लिहिणं यक्तुबु, बसणं यज्लिसु.

मीरजकर: मारणं कर्म घेतं की नाही? जरबा–यज्रिबु. बाहेर पडणं? खरजा–यखरुजु. आणि बसण्यालाच कअदाही म्हणतात, तिथे यकउदु.

गर्दानवाली: अर्थाची ही खूण शेवटची दोन अक्षरं सारखी असतील तिथे बऱ्यापैकी चालते. रद्दा–यरुद्दु म्हणजे परत करणं, फर्रा–यफिर्रु म्हणजे पळणं. पण मर्रा–यमुर्रु तिथेही गाठ मारतंच. साध्या तीन अक्षरांत ती धरू नका. दरसाचं यद्रुसु आणि कसराचं यक्सिरु, दोन्ही कर्म घेतात, एकाला उ, एकाला इ. का, ते रूपावरून सांगता येणार नाही. हान्स वेहरच्या कोशात क्रियापदाशेजारी तो स्वर छापलेला असतो, तिथूनच उतरवा.

मीरजकर: म्हणजे शेवटी पाठच!

गर्दानवाली: फक्त उ-इ ची जोडी पाठ. सगळं नाही.

मीरजकर: काही ठिकाणी तर दोन्ही बरोबर असतात. अकफाचं यअकुफु पण आणि यअकिफु पण. कुराणात ७:१३८ ला एका किराअतीत उ, दुसरीत इ. तिथे तुमचं सूत्र काय म्हणणार?

शब्दवेडा: ते अपवाद झाले हो. कर्माचं मी पुन्हा तपासून टाकतो, मला अजूनही त्यात तथ्य वाटतं.

नवशिका_पुणे: रजआ आणि दखला लाल शाईने लिहिलेत. सर विचारतील तेव्हा घशातल्या अक्षराचं सांगेन, बघू काय म्हणतात.