‘परीक्षेशिवाय परवाना’ : सोसायटीच्या ग्रुपवर शनिवारी झालेली चर्चा

सौ. काळे (बी-४०२), सकाळी ९:१२
सर्वांना नमस्कार. गेल्या आठवड्यात याच ग्रुपवर ‘घरबसल्या परवाना, परीक्षा नाही, सात दिवसांत हमखास’ अशी जाहिरात कोणी टाकली होती, हे मी नाव घेऊन सांगत नाही, कारण सगळ्यांना ते ठाऊक आहे. ती वाचून आमच्या ओजसच्या डोक्यात परवान्याचे भूत शिरले. काल रात्री त्याने मोबाइलवर शोध घेतला, सर्वात वर आलेला दुवा उघडला, अर्ज भरला आणि ‘स्लॉट शुल्क’ म्हणून १,८५० रुपये भरून बसला. आज सकाळी एका माणसाने फोन करून आधारचा ओटीपी मागितला. ओजसने दुपारी देतो असे सांगितले आहे. हे काम खरे आहे, का आम्ही फसलो आहोत, ते कोणी जाणकाराने कृपया सांगावे.

श्री. शिंदे (सी-१०३), ९:२०
काळे वहिनी, रोख माझ्याकडे आहे हे समजले. मी जाहिरात फक्त पुढे पाठवली होती, कोणाला पैसे भरायला सांगितले नव्हते. आणि माझ्या मेहुण्याचे काम एका एजंटने साडेचार हजारांत करून दिले, कार्ड हातात आहे. तेव्हा सरसकट सगळ्यांना चोर म्हणू नये.

श्री. गोखले (ए-२०१), ९:२६
फॉरवर्ड केलेला संदेश : “१ जूनपासून आरटीओत वाहन चालवून दाखवण्याची परीक्षा रद्द. आता कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलमधून थेट परवाना मिळणार.”
म्हणजे शिंदे म्हणतात त्यात तथ्य आहे.

श्रीमती मोहिते (ए-५०१), ९:४१
काळे ताई, पहिली गोष्ट म्हणजे ओटीपी कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. बाकीचे सविस्तर लिहिते. मी परिवहन विभागातून निवृत्त झाले असले तरी हे प्रकार रोज कानावर येतात.
महाराष्ट्रात २०२१ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारच्या पडताळणीवर घरूनच देता येते. सोय चांगली आहे, पण दलालांनी नेमका तिथेच शिरकाव केला. तुम्ही ओटीपी दिला की समोरचा माणूस तुमच्या नावाने ‘सारथी’ या परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर शिरतो आणि प्रश्नांची उत्तरे स्वतःच देऊन मोकळा होतो. त्यांच्या ‘परीक्षा नाही’ या आश्वासनाचा अर्थ एवढाच असतो की परीक्षा झालेली असते, फक्त ती तुम्ही दिलेली नसते. नोंद मात्र तुमच्या आधारावर होते आणि उद्या चौकशी झाली तर उत्तरही तुम्हालाच द्यावे लागते. ज्यांना आधार वापरायचे नाही, त्यांनी सरळ आरटीओत जाऊन परीक्षा द्यावी, तो मार्ग बंद झालेला नाही.

सौ. काळे, ९:४८
ताई, संकेतस्थळावर अशोकस्तंभ होता, तिरंगा होता, मंत्र्यांचे छायाचित्रही होते. मग ओळखायचे तरी कसे?

श्री. कुलकर्णी (बी-१०१), ९:५०
अशोकस्तंभ तर आपल्या सोसायटीच्या जुन्या खजिनदारांच्या लेटरहेडवरही होता.

श्री. देसाई (सी-३०४), ९:५२
कुलकर्णी, तो लायन्स क्लबचा सिंह होता आणि ते प्रकरण वार्षिक सभेत मिटलेले आहे. मूळ विषयावर राहावे, ही विनंती.

श्रीमती मोहिते, १०:०५
चित्रांकडे पाहूच नका, ती कोणालाही चिकटवता येतात. वरच्या पट्टीतला पत्ता वाचा, आणि तो उजवीकडून डावीकडे वाचा. पत्त्यातल्या https:// नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी .gov.in, म्हणजे पुढच्या ठिपक्यासह, असले पाहिजे. खरा पत्ता sarathi.parivahan.gov.in असा आहे. खोट्या पत्त्यात ‘सारथी’, ‘परिवहन’, ‘गव्ह’ हे सगळे शब्द असतात, पण त्यांच्यामध्ये ठिपक्याऐवजी आडवी रेघ असते किंवा शेवटी डॉट कॉम, डॉट ऑनलाइन असे काहीतरी येते. gov.in हा शेवट फक्त सरकारी कार्यालयांना मिळतो, तो विकत घेता येत नाही. शोधात सर्वात वर ‘प्रायोजित’ असे लिहून जे येते ती जाहिरात असते, म्हणून शोधण्यापेक्षा पत्ता स्वतः टाइप करावा.
आता पैशांचे. ‘स्लॉट शुल्क’ असे काही नसतेच. केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ परवान्याला वाहनाच्या प्रत्येक प्रकारासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये लागतात. पुढे पक्क्या परवान्याच्या वेळी चाचणीचे प्रत्येक प्रकाराला ३०० आणि परवान्याचे २०० रुपये. त्यावर राज्याचे काही किरकोळ आकार असतात, पण शिकाऊ परवान्याला १,८५० रुपये कोणत्याही हिशेबात बसत नाहीत. ओजसने पैसे कोणाच्या नावावर भरले, तेवढे पाहून सांगा.

सौ. काळे, १०:१४
क्यूआर कोड होता. यूपीआयमध्ये एका खाजगी व्यक्तीचे नाव दिसते आहे. पावतीवर ‘बुकिंग आयडी’ म्हणून इंग्रजी अक्षरे आणि आकडे आहेत.

श्रीमती मोहिते, १०:२०
मग शंकेला जागाच राहिली नाही. सारथीवर अर्ज केला की मिळणारा अर्ज क्रमांक निव्वळ आकड्यांचा असतो. खात्रीसाठी सारथीवर राज्य म्हणून महाराष्ट्र निवडा, ‘अॅप्लिकेशन स्टेटस’ उघडा आणि पावतीवरचा क्रमांक व ओजसची जन्मतारीख भरून पाहा. अर्ज खरा असेल तर तो कोणत्या टप्प्यावर आहे ते लगेच दिसते. कोणी कितीही गोड बोलला तरी त्याला हा क्रमांक मागावा आणि आपण स्वतः तपासावा.

श्री. गोखले, १०:२२
फॉरवर्ड केलेला संदेश : “१ जूनपासून आरटीओत वाहन चालवून दाखवण्याची परीक्षा रद्द…”
याचे उत्तर अजून कोणी दिले नाही.

श्री. देसाई, १०:२४
गोखले काका, हा संदेश आपण गेल्या वर्षीही टाकला होता, त्याच्या आदल्या वर्षीही टाकला होता. १ जून दर वर्षी येतो.

श्रीमती मोहिते, १०:३७
काका, उत्तर देते. ही अफवा २०२४ च्या मे महिन्यात पसरली आणि नियम बदललेला नाही असा खुलासा तेव्हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केला. मूळ तरतूद १ जुलै २०२१ पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे ‘मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र’ नावाची वेगळी केंद्रे असतात. तिथे हलक्या मोटार वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्यातले २१ तास प्रत्यक्ष वाहन चालवण्याचे असतात, आणि शेवटी केंद्र स्वतः चाचणी घेते. ती उत्तीर्ण झाल्यावर मिळणाऱ्या ‘फॉर्म ५बी’ प्रमाणपत्राने आरटीओतील चाचणीतून सूट मिळते. म्हणजे चाचणीची जागा बदलते, चाचणी टळत नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या नेहमीच्या ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र ‘फॉर्म ५’ असते, त्याने ही सूट मिळत नाही. नावातल्या एका अक्षराच्या फरकावर पुष्कळ दलाल धंदा करतात.

श्री. गोखले, १०:४१
धन्यवाद. तथापि, धूर असेल तिथे आग असतेच, असे मला वाटते.

श्री. शिंदे, १०:५५
मोहिते मॅडम, आपला अनुभव मोठा आहे, मान्य. पण सरळ मार्गाने गेले की भोसरीच्या ट्रॅकवर तारीखच मिळत नाही, मिळाली तर काठावर नापास करतात. नोकरदार माणसाने किती रजा टाकायच्या? एजंट ही लोकांची हौस नाही, गरज आहे. हे कोणी बोलत नाही.

श्रीमती मोहिते, ११:१०
शिंदे साहेब, तारखांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. परंतु शिकाऊ परवाना निघाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देताच येत नाही आणि शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तिसावा दिवस उलटताच तारीख घेऊन ठेवली तर हातात पाच महिने राहतात. ज्यांची तारखेची शोधाशोध पाचव्या महिन्यानंतर सुरू होते, त्यांची धावपळ होते आणि दलाल नेमके त्यांनाच गाठतो. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते, मात्र तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावे लागते. सात दिवसांत पक्का परवाना देतो म्हणणारा माणूस कायद्यातले हे तीस दिवस कुठून उडवणार, एवढा एक प्रश्न त्याला विचारून पाहा.
ज्यांना ऑनलाइन अर्ज भरणे जमत नाही त्यांनी सेवा केंद्रातून भरून घ्यावा, त्यात काही गैर नाही. फक्त मोबाइल क्रमांक स्वतःचा द्यावा. दलाल अर्जात स्वतःचा क्रमांक टाकतो आणि मग सगळे संदेश त्याच्याकडेच जातात.

कु. सायली जाधव (बी-३०३), ११:१६
मी पुढच्या आठवड्यात दुचाकीच्या चाचणीला जाणार आहे. सोसायटीच्या मागच्या अंगणात आठचा आकडा गिरवण्याचा सराव करू दिला तर उपकार होतील. मागच्या वेळी सुरक्षारक्षकाला सांगून मला हटवण्यात आले होते.

श्री. कुलकर्णी, ११:१८
आठचा आकडा गिरवायला हरकत नाही, पण मागच्या वेळी तो माझ्या तुळशीच्या कुंडीभोवती गिरवला होता.

सचिव (ए-१०२), ११:२५
सायलीने सकाळी सात ते आठ या वेळेत सराव करावा, कुंड्या कुलकर्णींनी आत घ्याव्यात. विषय संपला.

सौ. काळे, ११:४०
मोहिते ताई, सारथीवर तो क्रमांक स्वीकारलाच जात नाही. ओजसच्या बाबांनी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली. तिकडून व्यवहार क्रमांक आणि वेळ विचारून घेतली. बँकेलाही कळवले आहे. cybercrime.gov.in वर पावतीची आणि संकेतस्थळाची छायाचित्रे जोडायची आहेत. आधारची झेरॉक्स ओजसने त्या खोट्या संकेतस्थळावर आधीच अपलोड केली आहे, त्याचे काय करावे?

श्रीमती मोहिते, ११:४८
१९३० वर जितक्या लवकर फोन जातो तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता अधिक, तेव्हा ते ठीक झाले. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ओजसचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. फोन पुन्हा आला तर वाद घालू नका, क्रमांक तक्रारीत जोडा.
शिंदे साहेब, एक विनंती. मेहुण्यांच्या कार्डावरचा क्रमांक आणि जन्मतारीख सारथीवर किंवा एमपरिवहन अॅपवर एकदा भरून पाहावी. कार्ड छापणे सोपे असते, नोंद छापता येत नाही.

श्री. शिंदे, दुपारी १:३२
पाहिले. नोंद आहे, नावही त्याचेच आहे. मात्र कार्डावर विनागिअर दुचाकी आणि हलके मोटार वाहन असे दोन प्रकार छापलेले आहेत, आणि नोंदीत फक्त विनागिअर दुचाकी दिसते. तो रोज कार घेऊन हिंजवडीला जातो.

श्रीमती मोहिते, १:३९
याचा अर्थ कारपुरता त्यांच्याकडे परवानाच नाही. पकडले गेल्यास दंड ५,००० रुपयांचा होतो, तो एक वेळ भरता येईल. पण अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढते आणि भरपाईचा बोजा त्यांच्यावर येऊ शकतो. आजपासून कार चालवू नये, ते कार्ड कारचा परवाना म्हणून कोणालाही दाखवू नये आणि एजंटविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यावी. कारसाठी सारथीवर नव्या प्रकाराची भर घालण्याचा अर्ज असतो, त्याला आधी त्या प्रकाराचा शिकाऊ परवाना काढावा लागतो.

श्री. शिंदे, १:४७
तो एजंट आता फोन उचलत नाही. अर्ज भरताना मेहुण्याला तुमच्याकडे पाठवले तर चालेल का?

श्रीमती मोहिते, १:५०
उद्या अकरानंतर पाठवा. आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणायला सांगा.