मदत हवी: संकल्प नीट लिहून द्या, दोन पंचांगांत दोन महिने दिसतायत

राजवाडा_मागे:
रविवारी रात्री पूजा आहे आणि संकल्पात अडकलोय. बाबांच्या वहीत जो लिहिलाय त्यात सगळीकडे ‘अमुक’, ‘अमुक’. ते भरायला घरातलं मराठी पंचांग काढलं तर माघ कृष्ण. दुकानात लावलेलं इथलं हिंदी कॅलेंडर बघितलं तर फाल्गुन कृष्ण. एकाच दिवसाचे दोन महिने कसे? कृपया कोणीतरी पूर्ण संकल्प टाईप करून टाका, मी वाचून म्हणेन. अर्थ थोडक्यात दिलात तर बरं. जरा लवकर.

नवखा_७:
रविवारी शिवरात्र आहे म्हणून विचारताय का? भगर चालते ना उपवासाला? आमच्याकडे सासूबाई नाही म्हणतात.

पळीपंचपात्र:
राजवाडाजी, कसली पूजा, कोण करणार, किती वाजता आणि कुठे, यातलं काहीच लिहिलं नाहीत. संकल्पात नेमकं हेच तर म्हणायचं असतं. ते माहीत नसताना लिहून देणं म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट पोस्टात टाकणं.

रामबागची_काकू:
अरे, संकल्प सोडताना सांभाळून रे बाबा. माझ्या धाकट्या जावेने सोळा सोमवारांचा संकल्प सोडला आणि नवव्या सोमवारी तिला मुलाकडे पुण्याला जावं लागलं. उद्यापन राहिलं ते राहिलंच. अजून मनाला लागून आहे तिच्या. आधी झेपेल का ते बघ, मग पाणी सोड.

राजवाडा_मागे:
काकू, व्रत नाही, एका रात्रीची पूजा आहे. हो, महाशिवरात्र, १५ तारखेची. दरवर्षी बाबा करतात, पण त्यांचं मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालंय, ते हॉस्पिटलमध्ये आहेत. म्हणून मी करणार, त्यांच्या बरं होण्यासाठी. घर इंदूरात. रात्री बारानंतर बसतो. वही आजोबांची, ते नगर जिल्ह्यातून इकडे आले. वहीतला मधला भाग असा: ‘दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे शालिवाहनशके अमुकनामसंवत्सरे...’

बडोदेकर:
एक सोपी गोष्ट सांगतो. आमच्याकडे गुजराती पंचांगात त्याच दिवशी ‘महा वद चौदश’ असते, म्हणजे माघच. महिने आपल्यासारखेच, फक्त त्यांचा संवत दिवाळीनंतर बदलतो. त्यामुळे माघच बरोबर, हिंदी कॅलेंडरवाल्यांचं चुकतं.

पळीपंचपात्र:
बडोदेकर, निम्मं बरोबर. चूक कोणाचीच नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं, म्हणून गणपतीला हा घोळ कधी होत नाही. कृष्ण पक्ष आला की पौर्णिमेपाशी त्यांचा नवा महिना सुरू होतो आणि नाव एकाने पुढे जातं. गोकुळाष्टमीलाही तसंच: आपली श्रावण वद्य, त्यांची भाद्रपद कृष्ण. दिवस तोच.

खरी चूक मिसळ केल्यावर होते. शके १९४७ म्हणून महिना मात्र हिंदी कॅलेंडरातला फाल्गुन घेतलात, तर आपल्या मोजणीने फाल्गुन कृष्ण चतुर्दशी १७-१८ मार्चला येते, गुढीपाडव्याच्या तोंडावर. म्हणजे पूजा फेब्रुवारीत आणि संकल्प महिनाभर पुढचा. एक पंचांग धरा आणि शेवटपर्यंत तेच धरा.

घड्याळजी:
आमच्या घरचं पंचांग १५ तारखेला त्रयोदशी, उत्तराषाढा दाखवतंय. चतुर्दशी कुठून आणलीत?

पळीपंचपात्र:
त्या चौकोनात सूर्योदयाची तिथी असते. शेजारी समाप्तीची वेळ बघा. त्रयोदशी संध्याकाळी पाचच्या सुमारास संपते आणि चतुर्दशी लागते. उत्तराषाढा पावणेआठच्या आसपास संपून श्रवण लागतं. शिवरात्र मध्यरात्रीच्या चतुर्दशीवर ठरते, म्हणून रात्री बसणाऱ्याने चतुर्दशी आणि श्रवणच म्हणावं. हीच पूजा तुम्ही सकाळी दहाला केलीत तर त्रयोदशी म्हणावी लागेल.

वार मात्र बदलू नका. रात्री बारा वाजले की मोबाईल सोमवार दाखवील. आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे पहाटेपर्यंत ‘भानुवासरे’च.

रामबागची_काकू:
मध्यरात्री सोमवार म्हणालं तर काय बिघडतं? सोमवार तर महादेवाचाच वार. आणि त्या गोदावरीचं काय? आमच्याकडेही ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’च म्हणतात, माझे सासरे आयुष्यभर म्हणाले, इथेच इंदूरात बसून. मूळ गाव तिकडचं ना. ते बदलायचं नाही म्हणजे नाही.

पळीपंचपात्र:
काकू, मूळ गाव गोत्रातून, कुळाचारातून येतं. ‘तीरे’ म्हणजे तुम्ही आत्ता पाटावर जिथे बसलात ती जागा. नगर जिल्ह्यात गोदावरीच्या दक्षिणेला बसून आजोबांनी म्हटलं ते अगदी खरं होतं. इंदूर विंध्याच्या अलीकडे, माळव्याच्या पठारावर आहे, आणि ओंकारेश्वराला जाताना नर्मदा दक्षिणेकडे लागते. इथे बसून दंडकारण्य आणि गोदावरीचा दक्षिण तीर म्हणणं म्हणजे पत्रावर आजोबांचा पत्ता घालणं. इथे ‘मालवदेशे नर्मदायाः उत्तरे तीरे’ म्हणा.

रामबागची_काकू:
तुम्ही म्हणा. आम्ही गोदावरीच म्हणणार.

हट्टी_वैयाकरण:
महिना आणि नदी यांवर एवढा काथ्याकूट आणि क्रियापदाकडे कोणाचं लक्षच नाही! ‘करिष्ये’ म्हणायचं तर फळ करणाऱ्याला. ‘करिष्यामि’ म्हणायचं तर फळ दुसऱ्याला. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘स्वरितञितः कर्त्रभिप्राये क्रियाफले’. इथे फळ वडिलांना, म्हणून ‘करिष्यामि’. करिष्ये म्हणालात तर ऑपरेशन तुमचंच झाल्यासारखं!

पळीपंचपात्र:
सूत्र बरोबर, लावलंत घाईने. गुरुजी यजमानासाठी करतात तेव्हा ‘करिष्यामि’ म्हणतात, कारण तिथे पूजेचं फळ यजमानाचं. इथे पूजा करणारा मुलगाच यजमान आहे. वडील बरे व्हावेत ही त्याची स्वतःची इच्छा आहे, ती पुरी होणं हेच त्याचं फळ. म्हणून ‘करिष्ये’.

हट्टी_वैयाकरण:
मला पटत नाही.

राजवाडा_मागे:
भिया, दोघेही थांबा. मला पाठ हवाय, शास्त्रार्थ नको. दुपारपासून चौथ्यांदा धागा उघडून बघतोय.

पळीपंचपात्र:
घ्या. चारदा मोठ्याने वाचा, म्हणजे रात्री अडखळणार नाही.

‘श्रीमद्भगवतो महापुरुषस्य विष्णोराज्ञया प्रवर्तमानस्य अद्य ब्रह्मणो द्वितीये परार्धे श्रीश्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे अष्टाविंशतितमे युगचतुष्के कलियुगे प्रथमचरणे, जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे मालवदेशे नर्मदायाः उत्तरे तीरे, शालिवाहनशके विश्वावसुनामसंवत्सरे उत्तरायणे शिशिरऋतौ माघमासे कृष्णपक्षे चतुर्दश्यां तिथौ भानुवासरे श्रवणनक्षत्रे, मकरस्थिते चंद्रे कुंभस्थिते सूर्ये मिथुनस्थिते देवगुरौ, शेषेषु ग्रहेषु यथायथं राशिस्थानस्थितेषु सत्सु, एवंगुणविशेषणविशिष्टायां शुभपुण्यतिथौ, मम पितुः शरीरे उत्पन्नपीडापरिहारार्थं क्षिप्रमारोग्यप्राप्त्यर्थं श्रीभवानीशंकरप्रीत्यर्थं यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः शिवपूजनं करिष्ये।’

अर्थ विचारलात म्हणून. सुरुवात ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून आहे. त्याची पहिली पन्नास वर्षं सरली, दुसरी पन्नाशी चालू आहे, तिच्यातला हा श्वेतवाराह नावाचा दिवस. त्या दिवसातल्या चौदा मनूंपैकी सातवा, त्याच्यातली अठ्ठाविसावी चौकडी, तिच्यातल्या कलियुगाचा पहिला चरण. इथून काळ आवळत आवळत संवत्सर, ऋतू, महिना, तिथी असा रविवारच्या रात्रीपर्यंत येतो. जागाही तशीच, जंबुद्वीपापासून नर्मदेच्या काठापर्यंत उतरते. एवढा मोठा पसारा सांगून झाल्यावर ‘मम पितुः’ येतं. आणि ‘यथामिलित’ म्हणजे जे मिळालं त्यात. बेल कमी पडला, दुधाची पिशवीच होती, तरी ते तुम्ही आधीच सांगून टाकलंत.

पाणी कसं सोडायचं? उजव्या तळहातावर अक्षता आणि एक फूल ठेवा, डाव्या हाताने पळीने पाणी घाला, आणि ‘करिष्ये’ शब्दावर बोटांच्या टोकांवरून ताम्हनात सोडा. आधी नाही. शब्द आणि पाणी एकदमच सुटायला हवेत.

घड्याळजी:
एक शंका. उत्तरेत संवत्सराचं नाव वेगळं असतं ना? आमच्या शेजारचे पंडितजी विश्वावसु म्हणत नाहीत.

पळीपंचपात्र:
बरोबर हेरलंत. नर्मदेच्या उत्तरेला गुरूच्या गतीवरून साठ संवत्सरं मोजायची रीत आहे, दक्षिणेला पाडव्यापासूनची. म्हणून नावं जुळत नाहीत. नर्मदेच्या उत्तरेला बसून दक्षिणेची मोजणी वापरायची का, यावर इंदूरातल्या मराठी घरांत मी दोन्ही प्रकार ऐकलेत. मी मराठी पंचांग धरतो, कारण माझा शक आणि माघ तिथूनच आले. शेजारच्या पंडितजींनी त्यांचं सगळं त्यांच्या पंचांगातून घेतलं तर तेही नीटच.

बडोदेकर:
म्हणजे नदी इथली आणि संवत्सर तिकडचं, हे चालतं? मग काकूंची गोदावरी का चालत नाही?

पळीपंचपात्र:
पंचांग ही मोजणी आहे, तुम्ही निवडलेली. बसायची जागा निवडीची नाही हो.

रामबागची_काकू:
ऐका, ऐका! माझ्यासारखी प्रश्न विचारणारी आणखी माणसं आहेत म्हणायची.

नवखा_७:
भगरीचं कोणी सांगितलंच नाही.

रामबागची_काकू:
चालते रे बाळा. सासूबाईंना म्हणावं साबुदाणा खा.

राजवाडा_मागे:
आत्ता हॉस्पिटलमधून आलो. बाबांना वाचून दाखवला. गोदावरी गेली हे ऐकून थोडा वेळ गप्पच बसले, मग म्हणाले, नर्मदा ठीक आहे, लहानपणी आजोबा बडवाहच्या पुलावरून नाणं टाकायला लावायचे. आणि म्हणाले, गोत्र कुठेय? ते तर तुम्हीही विचारलं नाहीत. आमचं भारद्वाज.

पळीपंचपात्र:
हे माझ्याकडून राहिलं. ‘मम’च्या आधी ‘भारद्वाजगोत्रोत्पन्नस्य’ घाला, पुढे ‘मम पितुः’, मग वडिलांचं नाव षष्ठीत.

राजवाडा_मागे:
घातलं. अजून एक. बाबा म्हणतात, फोन स्पीकरवर ठेव, संकल्प मीच म्हणणार, तू फक्त पाणी सोड. नर्स परवानगी देईल म्हणतात. तर मग ते काय म्हणतील?

हट्टी_वैयाकरण:
आता बोला! ते म्हणतील ‘पुत्रद्वारा कारयिष्ये’. आणि मुलाने ‘करिष्यामि’, पहिल्यापासून हेच तर सांगतोय.

पळीपंचपात्र:
तसं असेल तर ‘मम पितुः’ काढून नुसतं ‘मम’ ठेवायला लागेल, यजमान तेच झाले. पण फोनवर म्हणायचं आणि पाणी दुसऱ्याने सोडायचं, हे मी कधी केलेलं नाही. आमच्या गुरुजींना विचारून उद्या सकाळी लिहितो.