‘मान्य’ दाबलंत ना? मग आता रडगाणं नको

रोखठोक
‘कंपनीने लुबाडलं’ छापाचे धागे वाचून कंटाळलो, म्हणून एक काल्पनिक प्रकरण मांडतो. एकटीने काम करणारी छायाचित्रकार फोटो साठवायला एका कंपनीची सेवा घेते. करार पडद्यावर, खाली एकच बटण: ‘मान्य’. करार तीन वर्षांचा. मध्येच सोडला तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं शुल्क भरायचं, कंपनी मात्र शुल्क केव्हाही वाढवू शकते. डेटा गेला तर भरपाई फार तर एका महिन्याच्या शुल्काइतकी. वाद झाला तर न्यायालयात नाही, लवाद म्हणजे खासगी पंचापुढे, तोही परदेशातल्या एका शहरात. दुसऱ्या वर्षी फोटो गेले. बाई म्हणते करार अन्याय्य आहे, कंपनीपुढे माझी ताकद किती. जबरदस्ती नव्हती, फसवणूक नव्हती, बाई सज्ञान. विषय संपला. ताकद कुणाची कुणाशी समान असते हो?

जुनी फाईल
विषय संपला असता तर माझी वकिलीही केव्हाच संपली असती.

लवादाचं कलम आधी घेते, कारण बाकी सगळं त्याच्या आड लपलेलं असतं. उबर विरुद्ध हेलर, कॅनडाचं सर्वोच्च न्यायालय, 2020. चालकाने अ‍ॅपवर करार स्वीकारला होता. वाद झाला तर अ‍ॅम्स्टरडॅमला लवाद, आणि नुसती सुरुवात करायला 14,500 अमेरिकी डॉलर. वकील आणि प्रवास वेगळा. हा गृहस्थ आठवड्याला चाळीस-पन्नास तास गाडी चालवून 400 ते 600 कॅनेडियन डॉलर मिळवत होता, म्हणजे वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा दारातच ठेवायचा. आणि तो आकडा करारात कुठेच नव्हता. लवादाचे नियमही करारासोबत जोडलेले नव्हते.

न्यायालयाने दोन गोष्टी पाहिल्या. सौदा होताना एक बाजू इतकी दुबळी होती का, की तिला स्वतःचं हित नीट राखताच आलं नाही? आणि त्यातून निघालेला सौदा तिच्या अंगावर अवाजवी ओझं टाकतो का? दोन्ही असलं तरच कलम पडतं. कंपनीने मुद्दाम गैरफायदा घेतला हे सिद्ध करावं लागत नाही, असंही बहुमताने स्पष्ट केलं.

आता तुमची छायाचित्रकार. तिचा दावा किती, तो मांडायलाच खर्च किती, आणि हा खर्च ‘मान्य’ दाबताना तिला दिसत होता का, एवढं विचारा. खर्च दाव्याहून मोठा असेल तर ते कलम वाद सोडवण्यासाठी नाही, वाद होऊच नये म्हणून आहे.

पणती
वा ताई! म्हणजे साधं आहे. एका बाजूला बलाढ्य कंपनी, दुसऱ्या बाजूला एकटा माणूस, की करार रद्द. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर हे 1986 सालीच सांगून ठेवलंय, ब्रोजोनाथ गांगुलीच्या निकालात. रोखठोकना कुणीतरी तो वाचायला द्या.

जुनी फाईल
पणती, तुम्हीही वाचा. त्या निकालात अख्खा करार रद्द झाला नव्हता. कायम नोकराला कारण न देता तीन महिन्यांची नोटीस देऊन काढता येईल, हे सेवानियमांतलं एक कलम पडलं. आणि त्याच निकालात लिहिलंय की दोन्ही बाजू व्यापारी असतील आणि व्यवहार व्यापारी असेल तर दुबळ्या बाजूवर लादलेलं अन्याय्य कलम पाडायचं हे तत्त्व कदाचित लागू होणार नाही. समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

नुसती विषमता पुरत नाही. विषमता तर विजेच्या जोडणीतही असते, म्हणून विजेचा करार रद्द होत नाही.

रोखठोक
धन्यवाद, माझंच काम केलंत. ही बाई धंदा करते, म्हणजे व्यापारी. आणि परदेशी निकालच आणायचे तर अमेरिकेचा आणतो. कार्निव्हल क्रूझ विरुद्ध शूट, 1991. जहाजाच्या तिकिटावर छापलेलं, वाद फक्त फ्लोरिडात. प्रवासी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातले. तरी सर्वोच्च न्यायालयाने कलम टिकवलं. का? दहा ठिकाणी खटले लढायचा खर्च वाचला की तो तिकिटात उतरतो. तुमची छायाचित्रकार स्वस्त सेवा वापरते ती अशाच कलमांमुळे. स्वस्ताई हवी, पण तिच्या अटी नकोत?

जुनी फाईल
मुद्दा चांगला आहे, उगाच नाही म्हणणार नाही. पण तिथे प्रवाशांना त्याच देशातल्या साध्या न्यायालयात जायचं होतं, साध्या न्यायालयाच्या शुल्कात. लांब पडलं, पण दार उघडं होतं. हेलरमध्ये दाराशीच वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा मागत होते. ‘धंदा करते म्हणजे व्यापारी’ हेही इतकं सरळ नाही. आपल्या 1986च्या ग्राहक कायद्यात केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा व्यापारी हेतूची धरत नव्हते; 2019च्या कायद्यात तो खुलासा वस्तूंपुरताच लिहिलाय. एकटी छायाचित्रकार तरीही त्यात बसते असं मांडता येईल. चार माणसं नोकरीला ठेवली असतील तर भांडण सुरू.

खिडकीतली
मी कायदा नाही जाणत. पण माझं इंटरनेट कनेक्शन बंद करायचं होतं. चालू करायला एक बटण, बंद करायला फोनच करायचा. फोनवर तासभर संगीत, मग एक मुलगा म्हणतो ‘मॅडम, कराराचं आपोआप नूतनीकरण झालंय, वर्षाचे पैसे भरावे लागतील’. मी भरले! कारण तो म्हणाला करारात आहे. नंतर कळलं की शेजारणीने नुसती लेखी तक्रार केली तर तिला सोडलं. करार तोच, कंपनी तीच. मग मी का भरले?

डेस्कवरचा
तुम्ही का भरलेत ते मी सांगतो. मी कंपन्यांसाठी हेच करार लिहितो. शिव्या नंतर घाला.

उरलेल्या सगळ्या महिन्यांचं शुल्क मागणारं कलम भारतात टिकवणं अवघड असतं हे आम्हाला माहीत असतं. करार मोडल्याबद्दल आकडा लिहिला असला तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. मग कलम का ठेवतो? कारण शंभरातले बहुतेक जण न्यायालयात जात नाहीत. ते ग्राहक सेवेला फोन करतात, पलीकडचा कलम वाचून दाखवतो आणि पैसे येतात. जो लेखी भांडतो त्याला सोडून द्यायचं, निकाल लागू द्यायचा नाही. तुमची शेजारीण त्या दुसऱ्या ढिगातली.

पणती
म्हणजे तुम्ही जाणूनबुजून खोटं कलम लिहिता आणि इथे अभिमानाने सांगता?? लाज वाटत नाही?

डेस्कवरचा
खोटं नाही, न तपासलेलं. आणि अभिमान कुठे दिसला तुम्हाला? हप्ते मलाही आहेत. मी सौम्य कलम सुचवलं तर वरून विचारतात, ‘इतरांकडे हे कलम आहे, आपल्याकडे का नको?’ दहा कंपन्यांचे करार शेजारी ठेवा, लवादाचा परिच्छेद शब्दासकट सारखा निघेल. त्यामुळे रोखठोक म्हणतील ‘दुसरीकडे जा’, तर दुसरीकडेही हेच आहे.

खिडकीतली
म्हणजे मी पैसे परत मागू शकते का?

डेस्कवरचा
मागा. लेखी मागा. फोनवर नको. नूतनीकरणाआधी सूचना कधी आणि कशी दिली, हे आधी विचारा.

रोखठोक
धागा भरकटला. माझं प्रकरण इंटरनेट कनेक्शनचं नव्हतं.

पणती
नव्हतं कसं? कलम न्यायालयात टिकतं का यावर तुम्ही पानभर भांडताय, आणि इथे कळतंय की न टिकणारं कलमसुद्धा पैसे वसूल करतं. मुख्य प्रश्न हाच आहे. टिकणार नाही असं कलम लिहिलं म्हणून कंपनीला दंड का नाही? कलम पडलं की फक्त ते वगळलं जातं, बाकी करार चालू. मग कंपनीचं गेलं काय?

जुनी फाईल
पणतीने या वेळी नेमकं बोट ठेवलं. 2019च्या ग्राहक कायद्याने अन्याय्य करार ही वेगळी तक्रार केली आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवणं, नुकसानीच्या मानाने फार मोठा दंड लावणं, असे प्रकार त्यात थेट लिहिलेत. पण ती तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. महिन्याच्या शुल्कासाठी राज्य आयोगात कोण जाणार?

त्याच वर्षी पायोनियर अर्बनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बिल्डरचा करार एकतर्फी ठरवला. घर घेणाऱ्याने उशीर केला तर त्याने 18 टक्के व्याज भरायचं, बिल्डरने उशीर केला तर 9 टक्के. तिथे लढणं परवडलं कारण दावा अख्ख्या घराचा होता. छोट्या रकमेत अन्याय्य कलम सुखाने जगतं.

रोखठोक
बरं बाबांनो. परदेशातल्या लवादाचं कलम तुम्हाला दिलं, न्या. तेही केवळ खर्चाचा आकडा लपवला म्हणून. करारात ठळक लिहिला असता तर नसतं दिलं. तीन वर्षांचं कलमही अर्धं तुमचं, कारण शुल्क मनाला येईल तसं वाढवायचं आणि बाहेरही पडू द्यायचं नाही, हे मलाही जरा जास्त वाटतं. भरपाईची मर्यादा मात्र सोडणार नाही. महिन्याला किरकोळ शुल्क घेणाऱ्याने कुणाच्या लग्नाच्या फोटोंची किंमत का द्यावी? ते मोल कंपनीला माहीतच नसतं. बाईने दुसरी प्रत ठेवायला हवी होती.

जुनी फाईल
पूर्ण नाही, पण बरंचसं मान्य. जोखमीची वाटणी किमतीत असते आणि न्यायालयं ती सहसा मोडत नाहीत. माझा अडसर वेगळा आहे. फोटो कसे गेले? यंत्र बिघडलं तर मर्यादा समजू शकते. कंपनीने खर्च वाचवायला स्वतःची दुसरी प्रत ठेवणंच थांबवलं आणि ग्राहकांना कळवलं नाही, तर त्याच मर्यादेमागे लपू द्यायचं का? मद्रास उच्च न्यायालयाच्या साठच्या दशकातल्या एका प्रकरणात धुलाईवाल्याच्या पावतीवर छापलं होतं, कपडा हरवला तर किमतीचा थोडासा हिस्साच मिळेल. न्यायालयाने ते मानलं नाही. नाहीतर कपडा हरवणंच धुलाईवाल्याला फायद्याचं ठरलं असतं.

रोखठोक
धुलाईवाल्याला कपडा ठेवून घेऊन फायदा आहे. कंपनीला कुणाच्या लग्नाचे फोटो हरवून काय फायदा?

डेस्कवरचा
साठवणुकीचा खर्च वाचतो. दुसरी प्रत म्हणजे साधारण दुप्पट जागा. ‘प्रती ठेवणं हे आमचं बंधन नाही’ हे वाक्य मीच दोन करारांत घातलंय.

रोखठोक
ते वाक्य पहिल्या पानावर होतं की खाली?

डेस्कवरचा
परिशिष्टात. परिशिष्टाचा दुवा वेगळा.

रोखठोक
मग कठीण आहे. पण बाईच्या डोक्यावरची जबाबदारी तेवढ्याने शून्य होत नाही. भरपाई अर्धी द्या.

पणती
अर्धी कशाची? फोटोंची किंमत कशी लावणार, हे अजून कुणीच सांगितलेलं नाही.

जुनी फाईल
पुन्हा फोटो काढता येण्यासारखे असतील तर त्याचा खर्च. लग्न परत लावता येत नाही, तिथे ग्राहकाला परत केलेली रक्कम आणि बुडालेलं काम, तेही कागद असतील तर. मनस्तापाची रक्कम आयोग देतात, पण किती यावर पैज लावू नका.

खिडकीतली
मी आज लेखी पाठवलं. नूतनीकरणाची सूचना म्हणे ईमेलवर दिली होती. सापडली, जाहिरातींच्या फोल्डरमध्ये. आता?